उतरंडीच्या तळाचा भोवरा : स्पिरुलिनाचे तंतू पंपात का तुटतात?

स्पिरुलिनाच्या टाकीतील हिरवे पाणी दाट दिसत असूनही कापणीच्या वेळी कापडावर अपेक्षेपेक्षा कमी लगदा मिळतो आणि कापडाखाली गळणारे पाणी हिरवेच राहते, असा प्रसंग उत्पादकावर येऊ शकतो. वाढ खुंटली, खत कमी पडले, अशी कारणे प्रथम सुचतात. तथापि वाढ चांगली असतानाही असे घडते, तेव्हा संशयाची सुई पाणी खेळविणाऱ्या यंत्राकडे वळवावी लागते. स्पिरुलिनाचा तंतू मळसूत्रासारखा वळलेला असतो. त्याची लांबी साधारणतः पाव मिलिमीटरच्या आसपास असते. या लांबीमुळेच तो ३० ते ५० मायक्रोमीटर छिद्रांच्या कापडावर अडकतो. त्याचे तुकडे झाले, तर ते पाण्याबरोबर निघून जातात.

पॅडल व्हीलने दिवसभर ढवळलेल्या टाकीत तंतू टिकतात. मात्र तेच पाणी साध्या सेंट्रिफ्युगल पंपातून फिरविले की ते तुटू लागतात. दोन्ही ठिकाणी पाणी खळबळतेच. मग फरक कोठे पडतो? याचे उत्तर पाण्यातील सर्वांत लहान भोवऱ्याच्या आकारात आहे आणि तो आकार कागदावर चार ओळींत काढता येतो.

ऊर्जेची उतरंड

पॅडल पाण्याला ढकलते तेव्हा प्रथम मोठे भोवरे निर्माण होतात. त्यांचा आकार टाकीतील पाण्याच्या खोलीएवढा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर असतो. हे भोवरे स्थिर राहत नाहीत. ते फुटून त्यांच्याहून लहान भोवरे होतात, त्यांतून आणखी लहान, आणि प्रत्येक पायरीवर मोठा भोवरा आपली ऊर्जा लहानाच्या हवाली करतो. घरातील मडक्यांची उतरंड जशी मोठ्या मडक्यापासून लहान मडक्यापर्यंत जाते, तशीच ही ऊर्जेची उतरंड होय. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली हवामान-अंदाजावरील आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली.

मोठ्या भोवऱ्यात पाण्याच्या श्यानतेचा, म्हणजे अंतर्गत घर्षणाचा, प्रभाव नगण्य असतो. शेजारशेजारच्या थरांच्या वेगांतील फरक तेथे लांब अंतरावर पसरलेला असतो. भोवरा लहान होत जातो तसा हा फरक थोड्या अंतरात एकवटतो आणि घर्षण वाढते. अखेर अशी पायरी येते की, भोवऱ्याला पुढे फुटण्याइतकी उसंतच घर्षण देत नाही. ऊर्जा तेथे उष्णतेत रूपांतरित होते. ही उतरंडीची शेवटची पायरी होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दर सेकंदाला किती ऊर्जा उतरंडीत शिरावी, हे वरच्या टोकाला, म्हणजे पॅडल किंवा पंपाच्या शक्तीने ठरते. श्यानतेला त्यात फारसा वाव नसतो. तिच्याकडे आलेली ऊर्जा संपविण्यासाठी भोवरे किती लहान व्हावे लागतील, एवढेच ती ठरविते.

आकाराचा हिशोब

रशियन गणितज्ञ आन्द्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली असे प्रतिपादन केले की, सर्वांत लहान भोवऱ्यांना आपण पॅडलपासून जन्मलो की पंपापासून, याची आठवण उरलेली नसते. त्यांचा आकार केवळ दोन राशींवर अवलंबून असतो : द्रवाची श्यानता आणि दर किलोग्रॅम द्रवात जिरणारी शक्ती. श्यानता ν या चिन्हाने दाखवू. तिचे एकक चौरस मीटर प्रति सेकंद. दर किलोग्रॅम जिरणारी शक्ती ε या चिन्हाने दाखवू; तिचे एकक वॉट प्रति किलोग्रॅम, म्हणजेच चौरस मीटर प्रति घन सेकंद. या दोहोंपासून लांबी मिळविण्याचा एकच मार्ग आहे. श्यानतेचा घन केला की मीटरचा सहावा घात आणि छेदात सेकंदाचा घन येतो. त्याला ε ने भागले की सेकंद नाहीसे होतात व मीटरचा चौथा घात उरतो. त्याचे चौथे मूळ म्हणजे लांबी :

η = (ν³ ÷ ε)^(1/4)

आता टाकीचा हिशोब करू. समजा, १०० चौरस मीटरच्या टाकीत २० सेंटिमीटर पाणी आहे. म्हणजे २० घनमीटर, अर्थात सुमारे २०,००० किलोग्रॅम. पॅडल व्हीलच्या मोटारीची सारी शक्ती पाण्यात जात नाही. बरीचशी गिअरपेटी व पट्ट्यात खर्च होते. पॅडल पाण्याबाहेर उचलून फिरविताना आणि पाण्यात फिरविताना मीटरवर येणाऱ्या वॉटमधील फरक घेतला, तर पाण्यात जिरणाऱ्या शक्तीचा ढोबळ अंदाज मिळतो. तो २० वॉट आला, असे धरू. २० ला २०,००० ने भागले की ε = ०.००१ वॉट प्रति किलोग्रॅम. पाण्याची श्यानता सुमारे १०⁻⁶ आहे. तिचा घन १०⁻¹⁸. त्याला १०⁻³ ने भागून १०⁻¹⁵ मिळतात. त्याचे दोनदा वर्गमूळ घेतले की ०.०००१८ मीटर, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर.

या उत्तराची पडताळणी वेगळ्या मार्गाने करता येते. २० सेंटिमीटरचा भोवरा दर पायरीला निम्मा होत गेला, तर दहा पायऱ्यांनंतर तो सुमारे ०.२ मिलिमीटरचा होतो. उतरंडीत शिरणारी शक्ती मोठ्या भोवऱ्याच्या वेगाच्या घनाला त्याच्या आकाराने भागून मिळते, असा ठोकताळा आहे. त्यावरून मोठ्या भोवऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ सेंटिमीटर येतो. मंद वाहणाऱ्या टाकीत डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीशी तो जुळतो. हा वेग काही मीटर निघाला असता, तर शक्तीचा आकडा चुकला आहे, हे लगेच कळले असते.

पंपात काय घडते?

आता अर्ध्या अश्वशक्तीचा सेंट्रिफ्युगल पंप घेऊ. त्याची शक्ती सुमारे ३७० वॉट. त्यातील काही पाणी उचलण्यात जाते; समजा, १०० वॉट पंपाच्या पोटातच खळबळीत जिरतात. पंपाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक लिटर पाणी मावते. म्हणून ε = १०० वॉट प्रति किलोग्रॅम, म्हणजे टाकीच्या लाखपट. १०⁻¹⁸ ला १०० ने भागून १०⁻²⁰. त्याचे चौथे मूळ १०⁻⁵ मीटर. सर्वांत लहान भोवरा केवळ १० मायक्रोमीटरचा झाला.

पाव मिलिमीटरच्या तंतूच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील अंतर निर्णायक आहे. टाकीतील सर्वांत लहान भोवरा जवळजवळ तंतूएवढा आहे, त्यामुळे तंतू भोवऱ्याबरोबर एकसंध वाहून जातो. पंपात मात्र एकाच तंतूच्या लांबीत अनेक भोवरे मावतात. त्याचे एक टोक एका भोवऱ्यात, मधला भाग दुसऱ्यात, तर दुसरे टोक भलत्याच दिशेने ओढले जाते. शिवाय लहान भोवऱ्याची गिरकीही वेगवान असते. श्यानतेला ε ने भागून वर्गमूळ घेतले की गिरकीचा काळ मिळतो : टाकीत सुमारे ०.०३ सेकंद, पंपात ०.०००१ सेकंद. ओढाताण तीनशे पटींहून अधिक तीव्र होते.

या सूत्रातील चौथ्या मुळाचा अर्थही समजून घ्यावा. ढवळण्याची शक्ती दुप्पट केली, तर लहान भोवरा केवळ १६ टक्क्यांनी आक्रसतो. तो निम्मा व्हायला शक्ती सोळापट लागते. पॅडलचा वेग दुप्पट केल्यास शक्ती सुमारे आठपट होते, तरीही भोवरा ०.१८ वरून ०.११ मिलिमीटरवरच येतो. म्हणून पॅडलच्या वेगातील किरकोळ फेरबदलाने तंतूंना सहसा धोका पोहोचत नाही. धोका असतो तो तीच शक्ती लिटरभर पाण्यात कोंडण्यात. अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह हेच करतो, कारण पाण्याच्या दाबातील ऊर्जा तेथे अगदी थोड्या जागेत जिरते.

हिशोबाच्या मर्यादा

०.१८ मिलिमीटर हा साऱ्या टाकीचा सरासरी आकडा आहे. पॅडलच्या पात्याजवळ ε सरासरीच्या शंभरपट असू शकते. तेथे भोवरा सुमारे ०.०६ मिलिमीटरचा होतो. तसेच η ही काटेकोर सीमा नव्हे. घर्षणाने बहुतेक ऊर्जा खाल्ली जाते ती η च्या अनेक पट आकाराच्या भोवऱ्यांत. म्हणून या सूत्रातून दोन-तीन पटींच्या अचूकतेची अपेक्षा धरू नये. १० मायक्रोमीटर आणि १८० मायक्रोमीटर यांतील भेद मात्र ते निःसंशय दाखविते.

तंतू त्या खळबळीतून किती वेळा जातो, हेही महत्त्वाचे आहे. मिनिटाला १०० लिटर फिरविणारा पंप २०,००० लिटरची टाकी २०० मिनिटांत एकदा उपसतो. तो रात्रंदिवस चालला, तर प्रत्येक तंतू दिवसातून सरासरी सातदा पंपात शिरतो. केवळ कापणीसाठी वापरलेल्या पंपातून मात्र त्या दिवशी उपसलेले पाणीच जाते. त्यामुळे पाणी खेळविण्यासाठी लावलेला पंप अधिक नुकसानकारक ठरतो.

शेतावरची परीक्षा

तुकडे पंपामुळेच होत आहेत का, हे तपासणे अवघड नाही. टाकीतून दोन बादल्या पाणी घ्यावे. एका बादलीतील पाणी पंपातून पाच वेळा फिरवावे, दुसरी तशीच ठेवावी. दोन्हींतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून किमान पन्नास तंतूंचे वेटोळे मोजावेत. त्यानंतर दोन्ही पाणी एकाच कापडातून गाळून गळालेल्या पाण्याचा रंग काचेच्या पेल्यात शेजारी ठेवून पाहावा. पंपातील पाण्यात वेटोळ्यांची संख्या घटली आणि गाळलेले पाणी अधिक हिरवे दिसले, तर दोष पंपाचा आहे. दोन्ही बादल्यांत तंतू सारखेच आखूड आढळले, तर पंपाची आजवरची ये-जा अथवा प्रखर ऊन यांसारखी इतर कारणे शोधावीत. त्यासाठी पंप काही दिवस बंद ठेवून नव्याने वाढलेले तंतू पुन्हा मोजावेत.

पंपाचा दोष ठरल्यास पाणी खेळविण्याचे काम पॅडलकडे द्यावे. कापणीसाठी शक्य तेथे उताराने पाणी सोडावे. उताराची सोय नसेल, तर मंद फिरणारा स्क्रू पंप अथवा डायाफ्राम पंप वापरावा. अशी साधने निवडताना विक्रेत्याला केवळ अश्वशक्ती विचारून भागत नाही. ती शक्ती किती लिटर पाण्यात जिरणार आहे, हाही प्रश्न विचारावा. तंतूंचे भवितव्य त्याच भागाकारावर ठरते.