अळंबीचे राज्य आणि अळंबीचे अन्नमूल्य

मंडईत अळंबीची डबी पालकाच्या जुडीशेजारी मांडलेली असते, पाकशास्त्राच्या पुस्तकांत ती भाज्यांच्या प्रकरणात येते, आणि आहाराचा तक्ता करणारे जाणते लोकही तिला बहुधा दुधी, दोडका, फ्लॉवर यांच्याच रकान्यात बसवितात. म्हणून ती वनस्पती आहे की नाही, हा प्रश्न व्यवहारी माणसास निरर्थक वाटण्याचा संभव आहे. पण अन्नाचे गुण ज्या देहात ते अन्न घडले त्या देहाच्या रचनेवर अवलंबून असतात, आणि अळंबीचा देह वनस्पतीच्या नियमांनी घडलेलाच नाही. त्यामुळे या प्रश्नाचा निकाल लागल्यावाचून तिच्यातील प्रथिने, पिष्ट आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचा हिशेब बरोबर मांडता येत नाही, असे माझे मत आहे.

अळंबीची वनस्पतींच्या दफ्तरी जी नोंद झाली तिला भक्कम परंपरा आहे. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ साली वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने सर्व वनस्पतींचे चोवीस वर्ग केले आणि ज्यांना फूल दिसत नाही अशांसाठी शेवटचा चोविसावा वर्ग राखून ठेवला; नेचे, हरिता, शैवाले आणि कवके ही सारी त्या एकाच वर्गात आली. सजीवांची दोनच राज्ये मानावयाची, आणि जे चालत नाही व ज्याला तोंड नाही ते वनस्पतीच्या बाजूस घालावयाचे, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. जमिनीतून उगवणारी आणि जागचे न हलणारी अळंबी त्या संकेतानुसार वनस्पती ठरली, यात नवल नाही.

परंतु ती जगते कशी, हे पाहू लागले की हा संकेत टिकत नाही. पांढऱ्या बटण अळंबीचे उत्पादक गव्हाच्या काडाचे, कोंबडीखत व जिप्सम घालून कुजविलेले कंपोस्ट तयार करतात, त्यात ‘स्पॉन’ म्हणजे अळंबीचे बियाणे मिसळतात, आणि साधारण चोवीस-पंचवीस अंश उष्णतेच्या बंद, अंधाऱ्या खोलीत ते ठेवून देतात; दोन-तीन आठवड्यांत पांढरे कवकतंतू सर्व कंपोस्टभर पसरतात, आणि या अवधीत सूर्यप्रकाशाचा एक किरणही त्यांना लागत नाही. हरितद्रव्य नसल्याने अळंबी स्वतःचे अन्न निर्माण करू शकत नाही. तिचे तंतू पाचक विकरे भोवतालच्या काडात सोडतात, काडातील सेल्युलोज देहाबाहेरच विरघळवितात, आणि झालेला रस शोषून घेतात. आपण जिला अळंबी म्हणून खुडतो ती छत्री म्हणजे या जाळ्याने बीजाणू उधळण्यासाठी काही दिवसांपुरता उभारलेला अवयव आहे. खरा देह काडात किंवा मातीत अदृश्य असतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी उगवते तिची कथा तर याहून विलक्षण आहे. वाळवीच्या काही जाती वारुळाच्या पोटात या कवकाची शेती करतात. वाळव्यांनी आणलेला लाकूड-पाचोळा कवक पचविते, ते पचलेले अन्न वाळव्या खातात, आणि पाऊस पडून माती मऊ झाली की त्याच कवकाची छत्री वारूळ फोडून वर येते. स्वतः अन्न न करता दुसऱ्याने केलेले अन्न पचविणे, हा वनस्पतीचा धर्म नव्हे.

१९६९ साली अमेरिकेतील परिस्थितिविज्ञ रॉबर्ट व्हिटेकर याने सजीवांच्या पाच राज्यांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात नेमका हाच निकष मुख्य होता : प्रकाशातून अन्न करणारी ती वनस्पती, अन्न गिळणारे ते प्राणी, आणि अन्न शोषून घेणारी ती कवके, आणि या तिसऱ्या वृत्तीस त्याने स्वतंत्र राज्य दिले. पुढे १९९३ साली जनुकांतील व प्रथिनांतील क्रम ताडून पाहणाऱ्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांतून असे निष्पन्न झाले की कवकांचे सर्वांत जवळचे मोठे आप्तकुल वनस्पती नसून प्राणी आहेत. दोहोंचा सामाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी होऊन गेला असावा. आणि त्या नात्याची एक खूण अजून शिल्लक आहे, ती अशी की कायट्रिड नावाच्या आदिम कवकांच्या पोहणाऱ्या पेशींस, प्राण्यांच्या शुक्रपेशींप्रमाणेच, मागच्या टोकास एकच शेपटी असते. शास्त्रीय नावे देण्याचे नियम मात्र कवकांना आजही वनस्पतिशास्त्रज्ञांच्याच संहितेचे लागू होतात. २०११ साली मेलबर्न येथील परिषदेत त्या संहितेच्या शीर्षकात ‘शैवाले, कवके आणि वनस्पती’ अशी तिघांची पृथक् नावे घालण्यात आली.

आता या भिन्न राज्याचा ताटावर काय परिणाम होतो, ते पाहू. वनस्पतीच्या पेशीस सेल्युलोजची भिंत असते. कवकाच्या पेशीसही भिंत असते, पण ती मुख्यतः ग्लुकान आणि कायटिन या द्रव्यांची. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचातील आणि झुरळाच्या पंखातील द्रव्य. आणि विशेष असा की त्याचा शोध प्रथम कीटकांत नव्हे, तर अळंबीतच लागला. फ्रान्समधील नान्सी येथील आंरी ब्राकोनो याने १८११ साली अळंबी क्षारात उकळून हे न विरघळणारे द्रव्य वेगळे काढले होते. कीटकांच्या कवचातून ते काढून त्यास आजचे नाव मिळाले ते त्यानंतर बारा वर्षांनी. आपल्या आतड्यात ते फारसे पचत नाही, म्हणून त्याची गणना चोथ्यात करावी लागते.

या कायटिनमध्ये नत्र असते, सेल्युलोजमध्ये ते नसते. आणि प्रथिनांच्या हिशेबातील मोठा घोटाळा येथेच होतो. अन्नातील प्रथिने मोजण्याची रूढ रीत १८८३ साली कोपनहेगनच्या योहान केल्डाल याने घालून दिली : अन्नातील एकूण नत्र मोजावयाचे आणि त्यास ६.२५ ने गुणावयाचे, कारण प्रथिनांत सरासरीने शेकडा १६ भाग नत्र असते. ही रीत सारे नत्र प्रथिनांतलेच आहे असे गृहीत धरते. अळंबीत मात्र त्यातील बराच भाग कायटिन व इतर प्रथिनेतर द्रव्यांत असतो, म्हणून जाणते विश्लेषक तिच्यासाठी ४.३८ हा गुणक वापरतात. उदाहरण म्हणून, वाळविलेल्या अळंबीच्या शंभर ग्रॅममध्ये ६ ग्रॅम नत्र निघाले असे धरू. पहिल्या गुणकाने प्रथिने ३७.५ ग्रॅम होतात, दुसऱ्याने २६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे केवळ गुणकाच्या निवडीने अकरा ग्रॅम प्रथिने कागदावर जास्त होतात. पुढे ताज्या अळंबीत शंभर भागांपैकी सुमारे ९२ भाग पाणी असते, हेही जमेस धरले पाहिजे. तेव्हा ताज्या शंभर ग्रॅममध्ये सुके द्रव्य आठच ग्रॅम, आणि त्यातील प्रथिने दोन ग्रॅमच्या थोडी वर. निरनिराळ्या जातींत व पिकांत हा आकडा दोन ते तीन ग्रॅमपर्यंत जातो. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. तेवढी अळंबीतून मिळवावयाची तर जवळजवळ किलोभर ताजी अळंबी खावी लागेल. अळंबीतील प्रथिनांची प्रत चांगली आहे, त्यांत आवश्यक अमिनो आम्ले आहेत, हे निःसंशय; परंतु पाकिटावर शेकडा पस्तीस-चाळीस असा आकडा दिसला तर तो सुक्या वजनावरचा आहे काय, आणि कोणत्या गुणकाने काढला आहे, या दोन गोष्टींची चौकशी केल्यावाचून तो मान्य करू नये.

साठवणीच्या अन्नाबाबतही कवकाचे प्राण्याशी साम्य आहे. बटाटा आपली शिल्लक पिष्टाच्या रूपाने ठेवतो. कवके ती आपल्या यकृताप्रमाणे ग्लायकोजेनच्या रूपाने, आणि काही प्रमाणात ट्रेहॅलोज व मॅनिटॉल या गोडसर द्रव्यांच्या रूपाने ठेवतात. कापलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळा-काळा होतो. बटण अळंबीच्या कापावर तसा रंग चढत नाही. शंभर ग्रॅम बटाट्यात पिष्टमय पदार्थ सुमारे १७ ग्रॅम, अळंबीत सुमारे ३ ग्रॅम. आणि उष्मांक अनुक्रमे ७७ आणि २२. मधुमेहाच्या रुग्णास अळंबी सोसते ती याच कारणाने.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब मेदद्रव्याची. प्राण्याच्या पेशीच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असते, वनस्पतीच्या आवरणात वेगळी स्टेरॉले असतात, आणि कवकाच्या आवरणात मुख्यतः अर्गोस्टेरॉल असते. बुरशीजन्य रोगांवरील अनेक औषधे याच फरकावर आधारलेली आहेत : ती अर्गोस्टेरॉलवर घाव घालतात, आणि कवक आपल्या नात्यातले असल्याने आपल्या पेशींस न दुखविता त्याला मारण्याच्या जागा थोड्याच सापडतात, म्हणून अशी औषधे जिवाणूंवरील औषधांच्या मानाने मोजकीच आहेत. हेच अर्गोस्टेरॉल जंबुपार किरणांखाली आले की त्याचे ‘ड-२’ जीवनसत्त्व होते. आपल्या त्वचेत उन्हाने जे घडते त्याचीच ही प्रतिकृती आहे. स्टेरॉले व जीवनसत्त्वे यांचा संबंध उलगडल्याबद्दल जर्मनीच्या आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून एक गोष्ट उघड होते. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटण अळंबीत ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. असते ते त्याचे कच्चे द्रव्य. ते वापरात आणावयाचे असेल तर अळंबीचे काप करावेत, किंवा छत्र्या उलट्या ठेवून खालचे पापुद्रे आकाशाकडे करावेत, आणि दुपारच्या उन्हात पाऊण ते एक तास उघड्यावर ठेवाव्यात; खिडकीच्या काचेआड नव्हे, कारण काच नेमके तेच किरण अडविते, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही नव्हे. इतक्याने शंभर ग्रॅममागे सुमारे १० मायक्रोग्रॅम ‘ड-२’ तयार होऊ शकते; प्रौढ माणसाची दिवसाची शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे. पावसाळी अभ्राखाली हे प्रमाण पुष्कळ घटते. अळंबी तपकिरी पडणे ही जीवनसत्त्व झाल्याची खूण नव्हे. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून वेळ आणि ऊन यांवरच भिस्त ठेवावी लागते. ऊन दिल्यावर ती लवकर शिजवून खावी, कारण साठवणीत जीवनसत्त्व कमी होत जाते. शिवाय ‘ड-२’ रक्तातील पातळी प्राणिज ‘ड-३’ इतकी टिकवून धरीत नाही. तेव्हा ज्यास वैद्याने औषध सांगितले आहे त्याने अळंबीच्या भरवशावर ते बंद करू नये.

उरला शाकाहाराचा प्रश्न. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर कवकांचीही गणना द्विजांस अभक्ष्य पदार्थांत केली आहे, आणि जैन आचारातही अळंबी वर्ज्य मानली जाते. तो ज्याच्या-त्याच्या धर्माचरणाचा विषय आहे. जीवशास्त्रापुरते बोलावयाचे तर प्राण्यांशी शंभर कोटी वर्षांपूर्वीचे नाते असल्याने अळंबी मांस ठरत नाही. तिला मज्जासंस्था नाही, रक्त नाही. मात्र याच्या उलट, ती वनस्पती नाही म्हणून मांसाहारातील सारे काही तिच्यातून मिळेल, हा समजही तितकाच चुकीचा आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीही करीत नाहीत आणि कवकेही करीत नाहीत. ते जिवाणू करतात, आणि बटण अळंबीत सापडते ते अत्यल्प असते. जो दूध-दही देखील घेत नाही, त्याने ब-१२ साठी अळंबीवर विसंबू नये. वैद्याच्या सल्ल्याने ते स्वतंत्रपणे घ्यावे.