भरपाई एकाकडूनच, पण पूर्ण

बस आणि ट्रक यांची धडक दोन्ही चालकांच्या चुकीने झाली, बसमधला प्रवासी जखमी झाला आणि त्याने दावा फक्त ट्रकमालक व त्याच्या विमा कंपनीवर लावला. भरपाई दहा लाख ठरली, तर ती सगळी त्यांच्याकडूनच वसूल करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘खेन्येई’ खटल्यात हे स्पष्ट केले. बसचालक दाव्यात नसल्याने त्याच्या दोषाचा वाटा तिथे ठरत नाही. ट्रकच्या बाजूने तो स्वतंत्र कारवाईत मागायचा. हे न्याय्यच आहे, कारण दोष वाटून देण्याचा भार जखमी माणसावर नको. मात्र त्याचा स्वतःचाही निष्काळजीपणा असेल, तर तेवढी रक्कम कापली जाते.