नकार आला, आता काय लिहायचं?

मे 2009 मध्ये ब्रायन ॲक्टन या इंजिनिअरला ट्विटरने नोकरी नाकारली. याहूतून बाहेर पडलेला हा माणूस तेव्हा नवीन काम शोधत होता. त्याने ट्विटरवरच चार शब्दांत लिहून टाकलं, की ट्विटरने मला नाकारलं. हरकत नाही, रोजचा प्रवास लांबचा झाला असता. ऑगस्टमध्ये फेसबुकचाही नकार आला आणि त्याने तोही तसाच जाहीर केला. पुढे तो यान कूमबरोबर व्हॉट्सॲपच्या उभारणीत उतरला आणि 2014 मध्ये फेसबुकनेच ते व्हॉट्सॲप सुमारे 19 अब्ज डॉलरला विकत घेतलं.

ही हकिकत नेहमी तिच्या शेवटासाठी सांगितली जाते. मला मात्र त्यातलं मे महिन्यातलं वाक्य महत्त्वाचं वाटतं. व्हॉट्सॲप कधी झालंच नसतं, तरी ते वाक्य खोटं ठरलं नसतं. नकार खरा होता, प्रवासाचं अंतरही खरं होतं आणि पुढे काय होईल याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मुलाखतीतल्या नकारानंतर पोस्ट लिहिताना हीच कसोटी लावावी: पुढचे सहा महिने नोकरी मिळाली नाही, तरी हे वाक्य खरं राहील का?

समजा, नाशिकची एक तरुणी आहे. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न आणि टॅलीचं काम केलेली. पुण्यातल्या कंपनीत तिने तीन राउंड दिले. शेवटच्या राउंडला एक्सेलमध्ये बँक रिकन्सिलिएशन करायला दिलं होतं, ते वेळेत जुळलं नाही. नकाराचा ईमेल आला आणि तिने लिहिलं: ‘प्रत्येक नकार ही नव्या संधीची सुरुवात असते. माझ्यासाठी याहून मोठं काहीतरी ठरलेलं आहे. मी हरणार नाही!’

यातलं एकही वाक्य कसोटीला उतरत नाही. संधी कुठली, मोठं काय, हे तिलाच माहीत नाही. शिवाय ती कुठलं काम शोधते आहे, हेही वाचणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे मदत करायची इच्छा असलेला माणूसही ‘ऑल द बेस्ट’ लिहून पुढे जातो.

आता हेच असं लिहून पाहू: ‘पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी तीन राउंड दिले. काल नकार आला. वाईट वाटलं, कारण ही नोकरी मला हवी होती. बँक रिकन्सिलिएशनचा सराव कमी पडला, तो रोज करते आहे. जीएसटी रिटर्न आणि टॅलीचा दोन वर्षांचा अनुभव आहे. नाशिक-पुण्यात अशी जागा कळली तर जरूर सांगा.’

इथे दुःख एकदाच आणि कारणासह आलं आहे. जिद्द हा शब्द कुठेच नाही, पण सराव सुरू असल्याचं वाचताना ती दिसते. कंपनीचं नाव नाही आणि मुलाखत घेणाऱ्यांवर शेरा नाही, कारण उद्या दुसऱ्या कंपनीचा एचआरही हे वाचणार आहे. लिंक्डइनवर तर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून तिथे जागा कुठली हवी आणि अनुभव काय, हे आधी घ्यावं. कुठे कमी पडलो ते वगळलं तरी चालेल. नातेवाईक पाहतात त्या स्टेटसला पहिली दोन वाक्यं पुरतात.

पण राग उरलेला असेल तर? स्टेफनी स्पेरा, जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या बेकार झालेल्या अनुभवी लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी सलग पाच दिवस नोकरी गेल्याबद्दलचं मनातलं सगळं लिहून काढलं, काहींनी दिवसाच्या नियोजनासारखे कोरडे विषय लिहिले. मन मोकळं करणाऱ्यांना नोकरी लवकर मिळाली, आणि तीही त्यांनी जास्त अर्ज केले म्हणून नव्हे. मनातला राग निवल्यामुळे मुलाखतीत ते अधिक शांत राहिले असावेत, असा संशोधकांचा तर्क होता. अभ्यास लहान होता आणि तो नोकरी गेलेल्यांचा होता, मुलाखतीत नाकारलेल्यांचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही त्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते: ते लिखाण लोकांसमोर मांडण्यासाठी नव्हतं.

म्हणून आधी वहीत लिहावं. अपमान, शंका, घरच्यांचा धसका, सगळं. दोन दिवसांनी ते वाचावं आणि त्यातून झालेली घटना, सुरू असलेलं काम आणि हवी असलेली मदत एवढंच पोस्टसाठी उचलावं. मागण्यासारखं काही नसेल आणि सांगावंसंही वाटत नसेल, तर पोस्ट टाकू नये. नकार जाहीर करण्याचं बंधन कुणावरच नाही.