फ्रिज विकला, पण कोणी?

साताऱ्यातल्या एका गृहिणीला फ्रिज घ्यायचा आहे. रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की ती मोबाइलवर मॉडेलं बघते. गावातल्याच एका दुकानाची जाहिरात दिसते, ती उघडून किंमत पाहते, दार किती रुंद उघडतं ते पाहते. दहा दिवसांनी रविवारी सासऱ्यांना घेऊन दुकानात जाते आणि फ्रिज घेते. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "ताई, आमच्याबद्दल कुठून कळलं?" ती म्हणते, "इथंच राहतो की, दुकान माहीतच आहे." वहीत नोंद होते : जुनं गिऱ्हाईक. जाहिरातीच्या खात्यावर शून्य.

इंटरनेटवर विकणाऱ्याला ही अडचण कमी येते, कारण पाहणं आणि पैसे भरणं एकाच पडद्यावर होतं. इथे मात्र मधली दहा दिवसांची वाट कुणालाच दिसत नाही.

ती जोडायचा रूढ मार्ग म्हणजे मोबाइल नंबर. गिऱ्हाइकाने चौकशीसाठी वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपवर दिलेला नंबर आणि वॉरंटीसाठी बिलावर घेतलेला नंबर जुळला, तर ती विक्री जाहिरातीच्या नावावर मांडता येते. अर्थात, नंबर असा वापरणार हे गिऱ्हाइकाला सांगून त्याची संमती घ्यायला हवी. पण जुळणी अर्धवटच होते. चौकशी सुनेच्या नंबरवरून झालेली असते आणि बिल सासऱ्यांच्या नंबरवर फाटतं. नुसतं बघून गेलेल्यांनी तर नंबर दिलेलाच नसतो.

याहून मोठी गोम उलट्या बाजूला आहे. नंबर जुळला म्हणजे गिऱ्हाइकाने जाहिरात पाहिली एवढंच कळतं. जाहिरात नसती तर ते आलंच नसतं, हे त्यातून कळत नाही. दुकानाचं नाव टाइप करून पत्ता शोधणारा माणूस वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवतो. ती नसती तर त्याने खालच्या ओळीवर ठेवलं असतं. 'ईबे'ने स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती बंद करून हेच तपासलं. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांच्या 2015 सालच्या शोधनिबंधानुसार, त्या जाहिरातींवरून येणारे जवळजवळ सगळे लोक साध्या शोधातून तरीही आलेच.

म्हणून खरा जमाखर्च कळायचा तर जाहिरात काही दिवस एका गावात बंद ठेवून पाहावी लागते. समजा, एका व्यापाऱ्याची दुकानं सांगलीत आणि साताऱ्यात आहेत. एरवी चार आठवड्यांत सांगलीत 200 आणि साताऱ्यात 160 फ्रिज जातात. त्याने साताऱ्यातली मोबाइलवरची जाहिरात थांबवली, सांगलीत चालू ठेवली. त्या चार आठवड्यांत सांगलीत 220 गेले, म्हणजे बाजारच दहा टक्क्यांनी वर होता. त्या मानाने साताऱ्यात 176 जायला हवे होते, गेले 160. जाहिरात नसल्याची किंमत 16 फ्रिज.

साताऱ्यातल्या जाहिरातीचा चार आठवड्यांचा खर्च 40,000 रुपये होता. नंबर जुळवले तेव्हा जाहिरातीच्या नावावर 60 विक्री दिसत होती, म्हणजे फ्रिजमागे साधारण 670 रुपये. बंद करून पाहिल्यावर तोच आकडा 2,500 झाला. एका फ्रिजवर 2,000 रुपये सुटत असतील, तर ही जाहिरात तोट्यात चालली होती.

मात्र या 16 वर लगेच विश्वास ठेवू नये. आधीच्या वर्षाचे आकडे काढून पाहावं : दोन्हीकडे जाहिरात चालू असताना साताऱ्याची विक्री सांगलीच्या मानाने किती वरखाली होत होती? ती चार-पाचनेच हलत असेल तर 16 ची घट खरी. पंधरा-वीसने हेलकावत असेल तर तो नुसता योगायोगही असू शकतो. मग चाचणी लांबवावी, किंवा उलटून पाहावी : आता सांगलीत बंद, साताऱ्यात चालू.

गावंही पारखून घ्यावीत. सांगली आणि मिरज अशी जोडी चालणार नाही. मिरजेचा माणूस सांगलीत सहज खरेदीला जातो. एका गावातली जाहिरात दुसऱ्या गावच्या गल्ल्यात पैसे टाकते. फ्रिज ही काही बघताक्षणी घ्यायची वस्तू नव्हे. जाहिरात थांबवल्यावरही पहिले दोन आठवडे आधी पाहून ठेवलेली माणसं येतच राहतात. ते दिवस हिशेबात धरले तर जाहिरातीचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

तेव्हा दिवाळीच्या जाहिरातीचं बजेट ठरवण्याआधी पावसाळ्यातले सहा आठवडे एका गावात जाहिरात बंद ठेवा. पहिले दोन सोडून द्या, पुढचे चार मोजा.