जलीय धारणकाल आणि टाकीचे आकारमान : एका क्लोरीन-संपर्क टाकीच्या आधारे विवेचन

जलशुद्धीकरण केंद्रातील अथवा सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातील कोणतीही टाकी किती मोठी असावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा कालाच्या भाषेत दिले जाते. निवळण टाकीत पाणी दोन-अडीच तास राहावे, क्लोरीन-संपर्क टाकीत अर्धा तास राहावे, वातन टाकीत सहा तास राहावे, असे मानदंड अभियंत्याच्या हाती असतात. हा काल म्हणजेच जलीय धारणकाल होय. त्याची व्याख्या अत्यंत सोपी आहे :

धारणकाल = टाकीतील पाण्याचे घनफळ ÷ प्रवाहाचा दर

हेच समीकरण उलट मांडले की टाकीचे घनफळ मिळते. प्रवाहास अपेक्षित कालाने गुणावे, म्हणजे आकारमान निश्चित झाले, असा समज यातून सहज निर्माण होतो. परंतु हे समीकरण केवळ सरासरी सांगते. पाण्याचा प्रत्येक अंश तेवढा वेळ टाकीत राहतो, असे ते सांगत नाही. ज्या टाकीत रोगजंतूंचा नाश व्हावयाचा आहे, तेथे सरासरी आणि प्रत्येक अंश यांतील हा भेद आरोग्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. यास्तव संपर्क टाकीचेच उदाहरण येथे विस्ताराने घेतले आहे.

प्रवाह कोणता धरावा?

एका नगरास दररोज ८,००० घनमीटर पाणी पुरवावयाचे असून शुद्धीकरण केंद्र दिवसातून २० तास चालते, असे समजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निर्जंतुकीकरण परिणामकारक होण्यासाठी, पाण्याचा सामू ८ पेक्षा कमी असताना, किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर पाण्यात दर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा.

पहिली चूक येथेच संभवते. ८,००० घनमीटरांस २४ तासांनी भागले असता ताशी ३३३ घनमीटर प्रवाह येतो आणि अर्ध्या तासासाठी सुमारे १६७ घनमीटरांची टाकी पुरेशी वाटते. प्रत्यक्षात केंद्र २० तासच चालत असल्याने टाकीतून ताशी ४०० घनमीटर पाणी वाहणार आहे. १६७ घनमीटरांच्या टाकीत त्याचा सरासरी धारणकाल ३० नव्हे, तर २५ मिनिटेच भरेल. भागाकारात धरावयाचा प्रवाह हा दिवसाचा सरासरी प्रवाह नसून टाकी चालू असतानाचा कमाल प्रवाह होय. तो धरल्यास घनफळ २०० घनमीटर येते. पाण्याची खोली २.५ मीटर ठेवली तर ८० चौरस मीटर क्षेत्र लागते, म्हणजे १० मीटर लांब व ८ मीटर रुंद अशी टाकी पुरते.

सरासरीच्या आड काय दडते?

आता ही १० × ८ मीटरांची टाकी आतून मोकळी आहे आणि एका बाजूने शिरलेले पाणी समोरच्या बाजूने बाहेर पडते, अशी कल्पना करावी. आत येणारा झोत टाकीतील पाणी घुसळतो. त्याचा काही भाग जवळच्या वाटेने थेट निर्गमद्वार गाठतो आणि कोपऱ्यांतील पाणी मात्र दीर्घकाळ जागच्या जागी फिरत राहते. ब्रिटिश रसायन-अभियंते पी. व्ही. डँकवर्ट्स यांनी १९५३ साली अशा प्रवाहांच्या अभ्यासास पद्धतशीर रूप दिले. टाकीचे वर्णन एका आकड्याने न करता, पाण्याचा कितवा हिस्सा किती वेळ आत राहतो, या वितरणाने करावे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय.

या वितरणाची दोन टोके आहेत. एका टोकास, रांगेतील माणसांप्रमाणे पाण्याचा प्रत्येक अंश आल्या क्रमाने पुढे सरकतो आणि सर्व अंश बरोबर ३० मिनिटांनी बाहेर पडतात. दुसऱ्या टोकास, आत आलेले पाणी तत्क्षणी साऱ्या टाकीत मिसळून जाते. या पूर्ण मिश्रणाच्या अवस्थेत गणित असे दाखविते की, सरासरी काल ३० मिनिटेच असला तरी सुमारे १० टक्के पाणी पहिल्या ३ मिनिटांतच बाहेर पडते आणि ३० मिनिटे पुरी होण्यापूर्वी ६३ टक्के पाणी निघून गेलेले असते. उरलेले पाणी सरासरीने तासभर राहून ही सरासरी भरून काढते. तथापि काही पाणी अधिक काळ राहिले म्हणून घाईने निसटलेल्या पाण्यातील जंतू मरत नाहीत.

म्हणून संपर्क टाकीच्या बाबतीत सरासरीऐवजी पाण्याचा पहिला दशांश भाग बाहेर पडण्यास लागणारा वेळ धरतात. त्यास येथे दशांश-काल म्हटले आहे. उरलेले ९० टक्के पाणी निदान तेवढा वेळ तरी टाकीत राहिलेले असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ साली पृष्ठजलाच्या शुद्धीकरणाविषयी नियम केले. त्यांच्या अनुषंगाने दिलेल्या मार्गदर्शनात दशांश-काल व सरासरी धारणकाल यांचे गुणोत्तर टाकीच्या अंतर्रचनेवरून अंदाजण्याची रीत सांगितली आहे. आतून मोकळ्या टाकीस हे गुणोत्तर ०.१, सामान्य प्रतीच्या आडभिंती असल्यास ०.५ आणि उत्तम रचनेच्या आडभिंती असल्यास ०.७ धरतात. पूर्ण मिश्रणाच्या टाकीत ३० मिनिटांमागे ३ मिनिटांचा दशांश-काल आला, तोच हा ०.१ होय.

उदाहरणाचा पुढील भाग

३० मिनिटे हा दशांश-काल मिळावा अशी अट घातली, तर मोकळ्या टाकीचा सरासरी धारणकाल ३०० मिनिटे, म्हणजेच तिचे घनफळ २,००० घनमीटर ठेवावे लागेल. उत्तम आडभिंती बांधल्यास ३० ÷ ०.७ म्हणजे सुमारे ४३ मिनिटांचा सरासरी काल पुरतो आणि घनफळ सुमारे २८६ घनमीटर येते. आडभिंतींचा खर्च व सातपट टाकीचा खर्च यांची तुलना केल्यास निवड उघड आहे.

घनफळ सोयीसाठी २८८ घनमीटर घेऊ. २.५ मीटर खोलीस ११५.२ चौरस मीटर क्षेत्र लागते. भिंतींची जाडी वगळून टाकी १२ मीटर रुंद व ९.६ मीटर लांब ठेवावी आणि सात आडभिंतींनी तिचे प्रत्येकी १.५ मीटर रुंदीचे आठ पाट करावेत. प्रत्येक आडभिंतीच्या एका टोकास पाट बदलण्यापुरती जागा सोडावी आणि ती जागा आळीपाळीने विरुद्ध बाजूंस यावी. पाणी अशा रीतीने नागमोडी वाटेने सुमारे ७७ मीटर चालते. वाटेची लांबी तिच्या रुंदीच्या पन्नासपट होते. संपर्क टाकीस हे प्रमाण ४० च्या आसपास अथवा अधिक असावे असे मानतात, ती अपेक्षा येथे पुरी होते. पाण्याचा वेग सेकंदास ३ सेंटिमीटर, सरासरी धारणकाल ४३.२ मिनिटे व अपेक्षित दशांश-काल ३०.२ मिनिटे येतो.

या हिशेबात पाण्याची खोली सतत २.५ मीटर राहील असे गृहीत धरले आहे. संपर्क टाकी आणि साठवण टाकी एकच असेल, तर मागणीच्या वेळी पातळी खाली जाते आणि तिच्याबरोबर घनफळही घटते. खोली १.५ मीटरवर आल्यास घनफळ १७३ घनमीटर व दशांश-काल केवळ १८ मिनिटे उरतो. म्हणून निर्गमद्वाराशी पूर्ण रुंदीची सांडभिंत घालून पातळी स्थिर राखावी, अन्यथा सर्वांत खालची पातळी धरून आकारमान ठरवावे.

पडताळा

०.७ हे गुणोत्तर म्हणजे अंदाज होय. बांधलेली टाकी त्यास उतरते किंवा नाही, हे मोजूनच ठरते. त्यासाठी आत येणाऱ्या पाण्यात मिठाचे सौम्य द्रावण एका निश्चित क्षणापासून स्थिर दराने मिसळतात आणि निर्गमद्वाराशी पाण्याची विद्युत्-वाहकता ठराविक अंतराने नोंदवितात. मूळच्या पाण्याची वाहकता वजा करून उरलेली वाढ ज्या क्षणी प्रवेशद्वारापाशी झालेल्या वाढीच्या एकदशांश होते, तो दशांश-काल होय. चाचणी कमाल प्रवाह चालू असताना करावी. द्रावण तीव्र ठेवू नये, कारण जड झालेले पाणी तळाशी बसून वेगळ्याच वाटेने जाते आणि निष्कर्ष फसवा ठरतो.

चाचणीपूर्वीही दोषाची चिन्हे दिसू शकतात. क्लोरीनची मात्रा बदलल्यावर निर्गमद्वाराशी अवशिष्ट क्लोरीनचे प्रमाण पाच-सात मिनिटांतच बदलू लागले, तर पाण्याने जवळची वाट शोधली आहे असे समजावे. अवशिष्ट क्लोरीन पुरेसा असूनही टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या जंतुपरीक्षेत अधूनमधून दोष आढळणे, हेही याचेच एक लक्षण असू शकते.

धारणकालाची मर्यादा

प्रत्येक टाकीचे कार्य कालावरच अवलंबून असते असे मात्र नाही. अमेरिकन अभियंते अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ साली निवळण टाकीविषयी दाखवून दिले की, सुट्या कणांचे खाली बसणे टाकीच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठक्षेत्रावर अवलंबून असते. वरील ४०० घनमीटर ताशी प्रवाहासाठी अडीच तासांची, म्हणजे १,००० घनमीटरांची निवळण टाकी घेऊ. ती ४ मीटर खोल केल्यास पृष्ठक्षेत्र २५० चौरस मीटर व पृष्ठभार ताशी १.६ मीटर येतो. २.५ मीटर खोल केल्यास क्षेत्र ४०० चौरस मीटर व पृष्ठभार ताशी १ मीटर येतो. ताशी १.२ मीटर वेगाने बसणारे कण दुसऱ्या टाकीत तत्त्वतः सर्वच्या सर्व अडकतील, पहिलीत मात्र ७५ टक्केच. दोहोंचा धारणकाल एकच आहे. म्हणून निवळण टाकीत आधी पृष्ठभार ठरवून मग धारणकाल तपासणे योग्य होय.

सांडपाण्याच्या सक्रिय गाळ पद्धतीत आणखी एक भेद उद्भवतो. तेथे गाळ निवळवून वातन टाकीत परत आणला जातो, त्यामुळे पाणी सहा तास राहत असता जीवाणू मात्र कित्येक दिवस राहतात. जीवाणूंची वाढ गाळाच्या या वयावर अवलंबून असते. धारणकाल काढताना परतीचा प्रवाह मिळवावा काय, असा प्रश्न येथे पडतो. परतीचा प्रवाह मूळ प्रवाहाच्या निम्मा असेल, तर एका फेरीस चार तास लागतात. परंतु पाणी सरासरीने दीड फेरी करते, म्हणून एकूण काल पुन्हा सहा तासच येतो. यास्तव भागाकारात केवळ नव्याने येणारा प्रवाह धरतात.

सारांश, घनफळास प्रवाहाने भागून येणारा काल ही आकारमानाची पहिली पायरी होय. कोणता प्रवाह व कोणती पातळी धरली, पाणी आतून कोणत्या वाटेने जाते आणि टाकीतील कार्य कालावर, क्षेत्रावर की गाळाच्या वयावर चालते, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्या आकड्यास अर्थ प्राप्त होतो. वरील संपर्क टाकीत २०० घनमीटरांच्या जागी २८८ घनमीटर व सात आडभिंती आल्या, त्या याच प्रश्नांमुळे.