चार आकड्यांच्या चौकटीत कोणती ओळ कोणाची?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने स्तनाच्या गाठींतून सुईने काढलेल्या पेशींची मोजमापे जमवली. नमुने ५६९, त्यांपैकी २१२ कर्करोगाचे, ३५७ निरुपद्रवी. संगणकाला वर्गीकरण शिकवणारे अनेकजण याच संचावर हात बसवतात.

समजा, एका मॉडेलच्या कन्फ्युजन मॅट्रिक्सचा स्क्रीनशॉट समोर आला. वरच्या ओळीत २०० आणि १२, खालच्या ओळीत ७ आणि ३५०. अक्षांवरची नावे मात्र कापली गेली आहेत.

आधी बेरीज करावी. ओळींची बेरीज २१२ आणि ३५७ येते, म्हणजे ओळी प्रत्यक्ष निदानाच्या आणि स्तंभ मॉडेलच्या अंदाजाचे.

२१२ रुग्णांपैकी २०० सापडले, म्हणून सेन्सिटिव्हिटी ९४.३ टक्के. रिकॉल हे तिचेच दुसरे नाव. ३५७ निरोगींपैकी ३५० बरोबर ओळखले, ही स्पेसिफिसिटी ९८ टक्के. प्रिसिजनसाठी पहिला स्तंभ उभा वाचायचा: मॉडेलने ज्या २०७ जणांना कर्करोग सांगितला, त्यांपैकी २०० खरे, म्हणजे ९६.६ टक्के.

खरी फसगत पुढे आहे. `scikit-learn` मध्ये या संचात कर्करोगाला ० आणि निरुपद्रवी गाठीला १ हा क्रमांक दिला आहे, आणि `recall_score` मुळात १ लाच ‘पॉझिटिव्ह’ धरते. त्यामुळे पडद्यावर रिकॉल ९८ टक्के दिसतो. तो निरोगींचा असतो. निसटलेले १२ रुग्ण त्यात मोजलेच जात नाहीत. `pos_label=0` लिहिल्यावर ९४.३ हा आकडा समोर येतो.