तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे मात्र नाही

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई पिशवीतून चार चिठ्ठ्या काढून बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, नंबर तं देला त्यायनं, पैसे काहून नाई येऊन राह्यले?" चार चिठ्ठ्यांपैकी तीन तक्रार नंबरांच्या होत्या आणि चौथी मशीनची पावती. ही गोष्ट आपल्यापैकी कोणासोबतही होऊ शकते, म्हणून सविस्तर लिहिते.

झालं असं. रोवणीची मजुरी द्यायची होती म्हणून ८ जुलैला ताईंनी बँक मित्राकडे अंगठा लावून ५,००० रुपये काढायला घेतले. मशीनवर व्यवहार अयशस्वी दाखवलं, पावतीही तशीच निघाली, हातात काही आलं नाही. पण खात्यातून ५,००० वजा झाले. बँक मित्र म्हणाला, चोवीस तासांत परत येतात. पुष्कळ वेळा येतातही. म्हणून अशा वेळी आधी पासबुक छापून घ्यायचं आणि वजा झालेली रक्कम पुन्हा जमा झाली का ते बघायचं. ताईंची झाली नव्हती.

यात नियम काय आहे तो माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं आहे. अंगठ्याचा किंवा एटीएमचा व्यवहार फसला आणि खात्यातून पैसे गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते परत यायला पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई खात्यात टाकायची, आणि तीही आपण मागायची वाट न बघता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, सुट्टीचा दिवसही मोजला जातो. म्हणजे ताईंचे पैसे १३ जुलैपर्यंत यायला हवे होते. १४ जुलैपासून १०० रुपयांचं मीटर सुरू झालं.

ताईंनी १५ जुलैला बँकेच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. नंबर मिळाला. २२ जुलैला पुन्हा फोन केला, तर तिकडून दुसरा नंबर दिला. २७ तारखेला मोबाईलवर मेसेज आला की पहिली तक्रार निकाली निघाली. पैसे नाहीच. मग ३० जुलैला शाखेत जाऊन काउंटरवर सांगितलं, तिथे तिसरा नंबर पडला.

घोळ इथेच झाला. दर वेळी नवीन नंबर पडला की पलीकडच्या माणसासाठी ती नवीन तक्रार असते. त्याला वाटतं, तक्रार कालचीच आहे. आधीचे पंधरा दिवस त्याच्या समोर येतच नाहीत. म्हणून पुन्हा फोन कराल तेव्हा जुनाच नंबर सांगा आणि 'हीच तक्रार पुन्हा उघडा' म्हणा. आम्ही पावती नीट पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पावतीवर RRN असं इंग्रजीत छापलेलं असतं आणि पुढे १२ आकडे असतात. बँकेला नेमका व्यवहार त्याच आकड्यांवरून सापडतो. ताईंनी पहिल्या दोन फोनवर तो सांगितलाच नव्हता, कारण कोणी विचारलाच नाही.

आता फोन पुरे, असं ठरवलं आणि ३ ऑगस्टला शाखा व्यवस्थापकांच्या नावाने एक पानी अर्ज दिला. अर्ज असा होता:

"महोदय, माझ्या खात्यातून ८ जुलै रोजी बँक मित्राकडे अंगठा लावून ५,००० रुपये काढताना व्यवहार अयशस्वी झाला. रोख मिळाली नाही, रक्कम वजा झाली. पावतीवरचा आरआरएन सोबत दिला आहे. आतापर्यंतच्या तक्रारी: १५ जुलै, फोनवर, पहिला क्रमांक, २७ जुलैला पैसे न देता बंद केली. २२ जुलै, फोनवर, दुसरा क्रमांक, उत्तर नाही. ३० जुलै, शाखेत, तिसरा क्रमांक, उत्तर नाही. या तिन्ही तक्रारी एकाच व्यवहाराच्या आहेत. कृपया ५,००० रुपये आणि १४ जुलैपासून रक्कम जमा होईपर्यंत रोज १०० रुपये भरपाई (आजपर्यंत २१ दिवसांचे २,१००) १० ऑगस्टपर्यंत जमा करावी, किंवा नाकारत असाल तर कारण लेखी द्यावे. तोपर्यंत निर्णय न झाल्यास आणि पहिल्या तक्रारीला ३० दिवस झाल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन."

अर्जात बँक मित्राने कसं उत्तर दिलं, किती चकरा झाल्या, पोरांची फी अडली, हे काही नाही. ताईंना ते लिहायचं होतं, आणि राग खरा होता. पण साहेबांना एका पानात तारखा, नंबर आणि मागणी दिसली पाहिजे. 'लवकरात लवकर' असंही लिहू नका, ती तारीख कधीच येत नाही. आम्ही सात दिवस दिले. दोन दिवस दिले असते तर मुख्य कार्यालयातून उत्तर येणं शक्य नव्हतं, आणि मुदत हुकली तरी आपल्याला काही बोलता आलं नसतं.

सोबत पावती, पासबुकचं पान आणि तक्रार बंद झाल्याच्या मेसेजची झेरॉक्स जोडली. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच घेतल्याशिवाय उठू नका. साहेब म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, मुख्य कार्यालय बघतं." ते बरोबरही असेल. आम्ही म्हटलं, तुम्ही पुढे पाठवा आणि पाठवल्याची तारीख आमच्या प्रतीवर लिहून द्या. त्यांनी लिहून दिली.

९ ऑगस्टला ५,००० जमा झाले. भरपाई नाही. १४ जुलै ते ९ ऑगस्ट मोजले तर २७ दिवस, म्हणजे २,७०० रुपये. मूळ रक्कम मिळाली की बहुतेक जणी इथेच थांबतात. ताईंनी १० ऑगस्टला जुन्या अर्जाची प्रत जोडून दुसरा चार ओळींचा अर्ज दिला आहे, मुदत १७ ऑगस्ट. पहिल्या तक्रारीला ३० दिवस १४ ऑगस्टलाच पूर्ण होतात. त्यामुळे १७ नंतर लोकपालाकडे जाता येईल. ही तक्रार फुकट असते, cms.rbi.org.in वर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथे आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पोच आणि मेसेज जपून ठेवा. मेसेज तर पुसूच नका.

एक सावधगिरी. पावतीवर किंवा मशीनवर व्यवहार यशस्वी आला, पण रोख दिली नाही, तर ही वाट चालत नाही. बँकेच्या नोंदीत पैसे दिलेले दिसतात आणि तक्रार लगेच बंद होते. तेव्हा त्याच दिवशी शाखेत लेखी सांगा आणि बँक मित्राची त्या दिवसाची रोख मोजणी तपासायची मागणी करा. दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्ल्यात नवीन रोख मिसळलेली असते. आणि पावती मागितल्याशिवाय अंगठा लावून झाल्यावर उठूच नका.

ज्यांच्या चिठ्ठ्या अजून पिशवीत आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला पासबुक छापून आणा, आपण तारखा लावून अर्ज तिथेच लिहू.